लिफ्टमध्ये स्ट्रेचर किंवा सोफा मावेल का, आधी मोजून घ्या

जळगाव, धुळे, भुसावळकडे आता पाच-सहा मजली अपार्टमेंट झाल्यात आणि बहुतेकांत आठ माणसांची लिफ्ट असते. आत "८ माणसं, ५४४ किलो" अशी पाटी असते, पण ती वजनाची आहे भो, जागेची नाही. जागेसाठी टेप घेऊनच जायचं.

आधी दार पूर्ण उघडून मधली मोकळी रुंदी मोजा, कारण जुन्या लिफ्टला चॅनल गेट असेल तर ते एका बाजूला गोळा होऊन बरीच जागा खातं. मग दाराची उंची, आतली रुंदी, आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली. हँडरेल असेल तर तिथून मोजा, भिंतीपासून नको. आतली उंची फॉल्स सीलिंगपर्यंतच धरा.

समजा आत रुंदी १३० सेंमी, खोली ११० आणि दार ८० निघालं, या साइजच्या लिफ्टला हे माप नेहमीचंच आहे. स्ट्रेचर साधारण १९० लांब आणि ५५ रुंद असतं. दारातून आरामात जातं, पण आत कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं मोजलं तरी १७०च भरतं, म्हणजे आडवा पेशंट यात जाणारच नाही, कितीही तिरपं करा. मोठ्या लिफ्टलाही फसू नका, काही तेरा माणसांच्या लिफ्ट २०० रुंद पण ११० च खोल असतात, तिथं स्ट्रेचर लांबीला पुरतं पण दारातून सरळ शिरून मागच्या भिंतीला टेकतं आणि वळवताच येत नाही. दवाखान्यातली लिफ्ट म्हणूनच लांबट असते, खोली २४० च्या आसपास.

मग आपल्या लिफ्टचं काय? पेशंट बसू शकत असेल तर व्हीलचेअर. ती उघडल्यावर ६५ च्या आसपास रुंद असते, पायाच्या पट्ट्या दुमडल्या की ११० मध्ये बसते आणि शेजारी एक माणूस उभा राहतो. पण मणक्याला किंवा खुब्याला मार असेल तर बसवायचं नाही, जिन्यानंच न्यावं लागतं. म्हणून १०८ ला फोन करतानाच मजला सांगा, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर जात नाही हेपण, म्हणजे उचलायला माणसं कमी पडणार नाहीत. जिन्याचं वळण कुठं अरुंद आहे, कुणी कुंड्या-चपलांचे स्टँड ठेवलेत का, हे आधीच बघून ठेवलेलं बरं.

सामानाचं सोपं आहे कारण ते उभं करता येतं. सोफा १९० लांब आणि ७५ जाड असेल, दार ८० बाय २०० असेल, तर लॉबीतच टोकावर उभा करा आणि मग आत सरकवा, दारात तिरपा घालून आत उभा करायला गेलात की वरची पट्टी आडवी येते. एक जण दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरेल. आठ बाय चारचा प्लाय मात्र २४४ सेंमी, आत उंची २२० असेल तर तो उभा राहत नाही, सुताराला खालीच कापून घ्यायला सांगा.