कारखान्यातलं एक दिवसाचं मुखआरोग्य शिबिर: फॉर्म, रेफरल आणि नंतरचा पाठपुरावा

इंटर्नशिपमध्ये किंवा पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीच्या पहिल्या वर्षात शिबिराची जबाबदारी अंगावर येते, तेव्हा बहुतेक जण खुर्च्या, मिरर आणि बॅनरची यादी करायला घेतात. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. ज्याच्या तोंडात संशयास्पद डाग सापडेल, तो कामगार कुठल्या वारी, कुठल्या ओपीडीत, कोणापुढे बसणार हे ठरेपर्यंत शिबिराची तारीख पक्की करू नका. डाग दाखवून नुसतं ‘मोठ्या दवाखान्यात जा’ म्हटलं, तर माणूस घाबरतो आणि जातही नाही. ते तपासणी न करण्यापेक्षा वाईट.

उदाहरणाला एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना धरू. कायम आणि कंत्राटी मिळून १८० कामगार, दोन पाळ्या. आधी एचआरकडून यादी मागवा आणि ती कंत्राटदारांच्या हजेरीपटाशी ताडून बघा. एचआरची यादी पगारपत्रकावरून निघते, त्यामुळे हाउसकीपिंग, लोडिंग, कँटीन आणि सिक्युरिटीची माणसं तिच्यातून हमखास सुटतात. बहुतेकदा त्यांनाच तपासणीची जास्त गरज असते.

नवख्या हाताला रेकॉर्डर सोबत असेल, तर एका तोंडाला पाच मिनिटं लागतात, म्हणजे एका खुर्चीवर तासाला १२ माणसं. जेवण, मांडामांड आणि आवराआवर वजा जाता पाच तास खरे कामाचे उरतात. तीन खुर्च्या लावल्या तर १८० होतात. वेळ अशी निवडा की पहिली पाळी सुटण्याच्या आणि दुसरी लागण्याच्या वेळी शिबिर चालू असेल. दर १५ मिनिटांनी नऊ जण सोडायचे, असं शॉप-फ्लोअरच्या सुपरवायझरशी आधीच ठरवून घ्या. एकदम ४० जण आले की रांग मशीनपर्यंत जाते, उत्पादन थांबतं आणि दुपारनंतर सुपरवायझर माणसं सोडत नाही.

साहित्यात तडजोड करू नये अशी एकच गोष्ट आहे: माणशी एक ऑटोक्लेव्ह केलेला मिरर. १८० माणसांना २०० मिरर पाउचमध्ये बंद करून न्या. तेवढे नसतील तर डिस्पोजेबल घ्या. वापरलेला मिरर ग्लुटराल्डिहाइडमध्ये १५-२० मिनिटं बुडवून पुढच्या माणसाला लावण्याची पद्धत अजून दिसते. तेवढ्या वेळात जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, त्यासाठी २ टक्के द्रावणात सुमारे १० तास लागतात. बाकी प्रत्येक खुर्चीला हेडलॅम्प, माणशी ग्लोव्ह्जची एक जोडी, माणशी दोन गॉझचे तुकडे आणि एक छोटी पट्टी. कचरा कारखान्याच्या डब्यात टाकायचा नाही. लाळेचे गॉझ पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज आणि प्लॅस्टिकचे मिरर लाल पिशवीत भरून कॉलेजात परत आणायचे.

आता फॉर्म. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा फॉर्म सर्वेक्षणाला चांगला आहे, पण त्यातली प्रत्येक दाताची आणि हिरडीची नोंद पाच मिनिटांत होत नाही. नव्या टीम दुपारपर्यंत तो नेटाने भरतात आणि नंतर घाईघाईत सगळीकडे शून्य लिहीत सुटतात. एक पान पुरे. त्याला वरच्या भागात ओळख आणि संमती, मधल्या भागात तपासणी आणि खाली फाडून द्यायची रेफरल चिठ्ठी. तिन्ही भागांवर एकच अनुक्रमांक आधीच छापून घ्या.

वरच्या भागात सर्वात जपून भरायची गोष्ट म्हणजे मोबाइल नंबर. दोन नंबर घ्या, एक स्वतःचा आणि एक घरातल्या माणसाचा. नोंदणीच्या टेबलावरून लगेच मिस्ड कॉल देऊन बघा. नंबर चुकलेला असतो, रिचार्ज संपलेला असतो किंवा तो मुकादमाचा असतो, आणि हे आठवड्यानंतर कळून उपयोग नसतो. फोन कधी करायचा आणि घरच्या नंबरवर निरोप ठेवला तर चालेल का, हेही तिथेच विचारून लिहा. ईएसआय क्रमांकाची जागाही ठेवा.

सवयींचा प्रश्न ‘तंबाखू खाता का?’ असा विचारला तर उत्तर चुकीचं येतं. मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: तंबाखू-चुना, मिश्री, मावा, गुटखा, नुसती सुपारी, बिडी, सिगारेट, दारू. विदर्भात खर्रा विचारायलाच हवा. नुसत्या सुपारीला वेगळा रकाना द्या, कारण तोंड आखडण्याचा आजार, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस, तंबाखूशिवायही सुपारीने होतो. शेवटी ‘कुठल्या बाजूला ठेवता?’ असं विचारा. माणूस बोटाने गाल दाखवतो, आणि तुम्हाला सर्वात बारकाईने बघायची जागा कळते.

खुर्चीवर बसवण्याआधी चूळ भरायला लावा. तोंडात तंबाखूचा थर असेल तर पांढरा डाग आणि चुन्याचा राप यांत फरक कळत नाही. मग आधी तोंड किती उघडतं ते मोजा: वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर तशी नोंद करा. त्यानंतर ओठ, गाल, हिरडी आणि गालामधली खाच, टाळू, जीभ, जिभेखालची जागा, असा क्रम प्रत्येक तोंडात तोच ठेवा. जिभेचं टोक गॉझने धरून दोन्ही कडा मागपर्यंत बघा. आपल्याकडे गाल आणि खालची खाच इथे आजार जास्त सापडतो, पण जिभेची मागची कड घाईत हुकते. शेवटी मानेच्या गाठी चाचपा.

पांढरं दिसलं की आधी गॉझने पुसा. पुसून निघालं तर तो ल्यूकोप्लेकिया नाही. गाल ताणल्यावर पांढुरकेपणा नाहीसा झाला तर तो बहुधा ल्यूकोइडिमा, आणि दोन्ही गालांवर दात मिटतात त्या उंचीवर एक पांढरी रेघ असेल तर ती साधी चावण्याची रेघ. ही तीन उत्तरं पक्की नसली की नव्या टीम निम्म्या कारखान्याला रेफरल चिठ्ठी देतात, ओपीडी भरून जाते आणि खरा पेशंट रांग बघून परत फिरतो. म्हणून आदल्या दिवशी तिन्ही डॉक्टरांनी तीच दहा तोंडं वेगवेगळी तपासून एकमेकांचे निष्कर्ष ताडून बघावेत.

कोणाला किती लवकर पाठवायचं हे फॉर्मवर रंगाने लिहा, आणि रंग तीनच ठेवा. हिरवा म्हणजे कीटण, सुजलेली हिरडी, न दुखणारी किड: सल्ला आणि सोयीने दवाखाना. पिवळा म्हणजे एकसारखा पांढरा डाग, आखडलेलं तोंड, दुखणारा दात: दोन आठवड्यांच्या आत ओपीडी. लाल म्हणजे दोन आठवड्यांपेक्षा जुनी जखम किंवा गाठ, लाल किंवा लाल-पांढरा मिश्र डाग, हाताला कडक लागणारी कड, कारण नसताना हललेला दात, ओठाचा बधिरपणा, मानेतली कडक गाठ: सात दिवसांच्या आत, ठरलेल्या तारखेला. चेहऱ्यावर सूज, ताप आणि तोंड उघडत नाही असा माणूस आला तर त्याला कागदात अडकवू नका, त्याच दिवशी गाडीने पाठवा.

एक जखम मात्र नव्यांना गोंधळात टाकते. धारदार दात समोर आहे आणि नेमकी तिथेच जखम. अशा माणसाचा दात घासून घेऊन १४ दिवसांनी परत बघायचं. जखम भरली नाही तर बायोप्सी. शिबिरात हा पिवळाच, पण फॉर्मवर चौदाव्या दिवसाची तारीख घालून.

समजा, फॉर्म क्रमांक ०७३: ४२ वर्षांचा कंत्राटी लोडर, २० वर्षं तंबाखू-चुना, डाव्या गालात ठेवतो. डाव्या खाचेत दोन सेंटिमीटरचा पांढरा डाग, मध्ये लाल ठिपके, पुसून जात नाही, दुखत नाही. हा लाल. तपासणारा डॉक्टर त्याला बाजूला घेऊन सांगतो, “दादा, इथे एक डाग आहे. हा काय आहे ते नुसतं बघून सांगता येत नाही, छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. दुखत नसलं तरी थांबू नका.” कॅन्सर हा शब्द आपणहून काढायचा नाही. त्याने विचारलाच तर खोटंही बोलायचं नाही: शंका आहे म्हणूनच तपासायचं आहे. चिठ्ठीवर वार, तारीख, वेळ, विभाग, खोली नंबर, भेटायच्या डॉक्टरचं नाव आणि न्यायचे कागद: आधार, रेशनकार्ड, ईएसआय कार्ड. पुढचे उपचार ईएसआयमधून घ्यायचे असतील तर त्यांच्या दवाखान्याची शिफारस लागते, म्हणून तो रस्ताही चिठ्ठीमागे लिहा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर रेशनकार्ड महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी उपयोगी पडतं.

हा माणूस ओपीडीत पोचला नाही, तर कारण बहुतेक भीती नसतं, बुडणारी मजुरी असते. म्हणून व्यवस्थापनाकडून शिबिराआधीच लेखी घ्या: चिठ्ठी मिळालेल्याला, कंत्राटी असला तरी, एक दिवस भरपगारी सुट्टी. सुट्टीच्या कागदावर फक्त ‘आरोग्य तपासणी’ एवढंच यावं. चिठ्ठ्यांचा कागदही रंगीत नको, सगळ्यांना पांढराच. लाल कागद हातात घेऊन निघालेल्या माणसाची बातमी गेटपर्यंत पोचते आणि मुकादम त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवू शकतो. रंग फक्त आपल्याकडच्या फॉर्मवर.

त्याच संध्याकाळी लाल आणि पिवळे फॉर्म वेगळे काढून रजिस्टरमध्ये उतरवा. रकाने थोडेच: क्रमांक, रंग, ओपीडीची तारीख, पोचला का, काय निघालं, पुढची तारीख, फोन करणाऱ्याची सही. लाल माणसांना भेटीच्या आदल्या दिवशी फोन आणि भेटीच्या संध्याकाळी ओपीडीच्या नोंदीशी पडताळणी. ‘जाऊन आलो’ या तोंडी उत्तरावर खूण करू नका, केसपेपरचा नंबर मिळाल्यावरच करा. आला नाही तर दोन दिवसांनी पुन्हा फोन, मग त्याने परवानगी दिली असेल तर घरच्या नंबरवर. कंपनीच्या माणसामार्फत निरोप धाडायचा नाही. फोन करणारा शक्यतो एकच असावा. इंटर्न दर महिन्याला पोस्टिंग बदलतात आणि रजिस्टर तिथेच सुटतं, म्हणून हे काम विभागातल्या कायम माणसाकडे द्या. तंबाखू सोडायची तयारी दाखवणाऱ्याला त्याच फोनवर राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर द्या: १८००-११-२३५६.

बायोप्सीचा रिपोर्ट फोनवर सांगायचा नाही, समोर बोलावून सांगायचा. ०७३ चा रिपोर्ट चांगला आला तरी त्याची ओळ बंद होत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी डाग पुन्हा बघायचा असतो, आणि तोवर त्याचा कंत्राटदार बदललेला असू शकतो, म्हणून तर घरचा नंबर घेतलेला असतो.

कंपनीला अहवाल १५ दिवसांत द्या, फक्त आकड्यांचा: किती तपासले, कुठल्या रंगाचे किती, किती पोचले. एचआर नावं मागतंच, कधी अगदी मदतीच्या भावनेने. तरी द्यायची नाहीत, आणि हे करारातच लिहिलेलं असावं. विभागवार फोडही देऊ नका. पेंट शॉपमध्ये चारच माणसं असतील आणि तिथे ‘लाल: १’ लिहिलं, तर नाव सांगितल्यासारखंच झालं.