HCl चा बल स्थिरांक काढताना या चुका टाळा

अवरक्त वर्णपटावरून बंधाचा बल स्थिरांक काढण्याचं प्रॅक्टिकल मी बरीच वर्षं घेतोय. सूत्र एका ओळीचं आहे आणि चुका दरवर्षी त्याच. हायड्रोजन क्लोराइडचंच उदाहरण घेतो, कारण जवळजवळ सगळ्या प्रयोगशाळांत तोच वायू वापरतात.

```
k = 4π² c² ν̃² μ
```

ν̃ म्हणजे तरंगांक, μ म्हणजे रिड्यूस्ड मास, पुस्तकी भाषेत समानीत वस्तुमान.

आधी लहान चुका उरकतो. रिड्यूस्ड मास म्हणजे वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज. काही जण नुसती बेरीज घेतात आणि ०.९८ च्या जागी ३६ येतात. माझी सवय अशी की आकडा आला की हलक्या अणूशी ताडून बघायचा. रिड्यूस्ड मास हलक्या अणूपेक्षा नेहमी कमीच असतं, इथे हायड्रोजनच्या १.००८ पेक्षा कमी. जास्त आलं तर पुढचं गणित करूच नका.

2π विसरलात तर उत्तर सुमारे ३९ पटींनी लहान येतं. बरोबर उत्तर ४८१ न्यूटन प्रति मीटर, त्याच्या जागी १२ दिसलं की तीच चूक.

क्लोरीनचं वस्तुमान ३५.४५ घेतल्याने इथे फारसं बिघडत नाही, पण त्या वजनाचा एकही अणू जगात नाही. वर्णपटात प्रत्येक रेघ जोडीने दिसते, उंच रेघ क्लोरीन-३५ ची आणि शेजारची बुटकी क्लोरीन-३७ ची. उंच रेघ वाचणार असाल तर वस्तुमानही ३४.९६९ घ्या.

एककांबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. तरंगांक सेंमी⁻¹ मध्ये ठेवायचा आणि प्रकाशाचा वेग मीटरमध्ये भरायचा, हे सर्रास चालतं. मग उत्तर दहा हजार पटींनी लहान येतं, ०.०४८. दुसऱ्या टोकाला, वस्तुमान ग्रॅममध्ये आणि वेग सेंटिमीटरमध्ये भरला की ४.८ × १०⁵ येतं. हा आकडा चुकीचा नाही, तो डाइन प्रति सेंटिमीटरमध्ये आहे. त्यापुढे न्यूटन प्रति मीटर लिहिलं की मात्र हजार पटींचा घोटाळा झाला. जुन्या पुस्तकात डाइन, नव्यात न्यूटन, आणि विद्यार्थी दोन्हींतून अर्धं अर्धं उचलतात.

एक शॉर्टकट सगळ्यांच्या वहीत असतो:

```
k = 5.8918e-5 × ν̃² × μ
```

तरंगांक सेंमी⁻¹ मध्ये आणि μ अणुवस्तुमान एककात भरलं की k थेट न्यूटन प्रति मीटरमध्ये मिळतो. मीही तो वापरतो, पण ताळा करण्यासाठी. तो स्थिरांक एकदाही स्वतः न काढता पाठ करणाऱ्यांना व्हायवात त्यातली एककं विचारली की गप्प बसावं लागतं, आणि ते मला मनापासून खटकतं.

आता मुख्य चूक. सूत्रात भरायचा तरंगांक वर्णपटावर नेमका कुठे असतो?

HCl वायूचा पट्टा एका शिखराचा नसतो. रेघांच्या दोन रांगा असतात आणि मधे रिकामी जागा. रेणू कंपन करताना फिरतही असतो, आणि त्याच्या फिरण्याची अवस्था न बदलता होणारं संक्रमण इथे निषिद्ध आहे. म्हणून पट्ट्याच्या केंद्रावर, २८८६ सेंमी⁻¹ ला, रेघच नसते. नवखे विद्यार्थी ती पोकळी बघून मशीन बिघडलं म्हणतात आणि सगळ्यांत उंच रेघ उचलतात.

एका वर्षी असंच झालं. एका मुलाने २९४५ च्या आसपासची उंच रेघ घेतली आणि त्याचं उत्तर आलं ५०१. शेजारच्या मुलीने पोकळीच्या दोन्ही कडांच्या रेघा वाचल्या, २९०६ आणि २८६५. त्यांचा मध्य जवळजवळ २८८६, म्हणून तिचं उत्तर ४८१. पुस्तकात ५१६ होतं. मुलगा खूश. मुलीने तासभर गणित तपासलं, चूक सापडेना, आणि शेवटी तिने रीडिंग खोडून त्याचं रीडिंग उतरवून घेतलं. जर्नल माझ्यापर्यंत आलं तेव्हा खोडलेला आकडा दिसला. तिचं वाचन बरोबर होतं. त्याच्या आकड्यात रेणूच्या फिरण्याची ऊर्जा मिसळली होती आणि तो केवळ योगायोगाने पुस्तकाच्या जवळ गेला होता.

मग ४८१ आणि ५१६ मधला फरक कुठून येतो? सूत्र आदर्श स्प्रिंगसाठी आहे. खरा बंध ताणला की सैल होत जातो, त्यामुळे पहिली उडी आदर्श कंपनापेक्षा लहान पडते. पुस्तकातला ५१६ हा बंधाच्या ऊर्जेच्या खड्ड्याच्या तळाशी, अगदी सूक्ष्म कंपनासाठीचा स्थिरांक आहे. त्यासाठी तरंगांक २९९१ लागतो, आणि तो वर्णपटावर थेट कुठेच दिसत नाही.

हे पटवायला मी DCl, म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम असलेला रेणू, घ्यायला लावतो. त्याचं केंद्र २०९१ आणि रिड्यूस्ड मास १.९०४४. सरळ सूत्राने k येतो ४९१. एकाने यावरून ड्यूटेरियमचा बंध अधिक मजबूत असतो असा निष्कर्ष लिहिला होता. पण न्यूट्रॉन वाढल्याने इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलत नाही, त्यामुळे स्प्रिंग तीच. जड रेणू खड्ड्याच्या तळाजवळ कंपतो म्हणून त्याला बंधाचा सैलपणा कमी जाणवतो, एवढंच.

हाच फरक कामाला लावता येतो. आदर्श तरंगांक ω आणि सैलपणाची दुरुस्ती x धरली, तर HCl साठी २८८६ = ω − २x. DCl मध्ये ω हा दोन रिड्यूस्ड मासांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.७१७२ ने कमी होतो, आणि x त्या गुणोत्तरानेच, म्हणजे ०.५१४४ ने. पहिलं समीकरण ०.५१४४ ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की x उडून जातो: ६०६.५ = ०.२०२८ ω. म्हणून ω सुमारे २९९०, आणि k ५१६.

दुसरा मार्ग अधिस्वराचा, म्हणजे एकदम दोन पायऱ्यांची उडी दाखवणाऱ्या पट्ट्याचा आहे. २८८६ ची तिप्पट करून त्यातून त्या पट्ट्याचं केंद्र, ५६६८, वजा केलं की तोच २९९० मिळतो. पण तो पट्टा फार क्षीण असतो, आणि शिकवण्याच्या बऱ्याचशा यंत्रांचं मोजमाप ४००० ला संपतं. म्हणून मी DCl चाच आग्रह धरतो.

एक धोका मात्र आहे. DCl चं केंद्र एका सेंमी⁻¹ ने चुकलं तर ω जवळजवळ पाचने सरकतो आणि k दीड-दोनने. तेव्हा एका जोडीवर न थांबता दोन्ही बाजूंच्या चार-पाच रेघा वाचून केंद्र काढा, आणि जर्नलमध्ये ४८१ व ५१६ हे दोन्ही आकडे लिहा, प्रत्येकापुढे तो कोणत्या तरंगांकावरून आला ते नोंदवून.