सरपंचांच्या पोस्टना आलेले प्रतिसाद: कामाविषयी किती, व्यक्तीविषयी किती

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सरपंच आपल्या नेतृत्वाच्या अनुभवाविषयी जे लिहितात, त्याला येणाऱ्या प्रतिसादांचा मी अभ्यास करते. स्त्रियांच्या लेखनाला पुरुषांच्या लेखनापेक्षा अधिक व्यक्तिगत भाषेत उत्तर मिळते का, हा माझा प्रश्न आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण असल्यामुळे एकाच पदावरील स्त्री आणि पुरुष शेजारशेजारच्या गावांत सापडतात, म्हणून मी सरपंच निवडले. बचत गटांच्या अध्यक्षांचे लेखनही विपुल आहे, पण तिथे तुलनेसाठी पुरुष जवळजवळ नसतात.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्याने ‘व्यक्तिगत’ म्हणजे काय ते आधी लिहून ठेवावे. लिहिणाऱ्याचा स्वभाव, रूप, वय, प्रकृती किंवा घरदार यांविषयी जे विधान असते ते व्यक्तिगत. मग ते कौतुक असो वा टीका. ‘तुमच्या हिमतीला सलाम’ हे वाक्य व्यक्तीविषयी आहे, तर ‘टँकरच्या फेऱ्यांची नोंद ग्रामसेवकाने ठेवावी की पाणी समितीने?’ हे कामाविषयी आहे. ‘माझ्या आईनेही असेच सोसले’ यात प्रतिसाद देणारा स्वतःविषयी बोलतो, म्हणून त्याची नोंद वेगळी करावी. ही दोन्ही एकाच रकान्यात गेली, तर जवळीक आणि निरीक्षण यांतला फरक पुसला जातो.

संबोधनांचा प्रश्न आपल्याकडे विशेष अवघड आहे. कोकणात स्त्री सरपंचाला ‘ताई’ किंवा ‘वहिनी’ म्हणतात आणि पुरुष सरपंचाला ‘भाऊ’ किंवा ‘दादा’, त्यामुळे नात्याचा शब्द दिसला एवढ्यावरून प्रतिसाद व्यक्तिगत ठरवणे योग्य नाही. एकीला ‘ताई’ आणि दुसऱ्याला ‘सरपंच साहेब’ असे वारंवार दिसले, तर मात्र तो फरक महत्त्वाचा आहे. म्हणून मी संबोधने वेगळी मोजते आणि मूळ मजकुरात त्यांच्या जागी नुसती खूण ठेवते, जेणेकरून वर्गवारी करणाऱ्याला लेखन कोणाचे आहे हे कळू नये. ‘तुम्ही चांगले काम केलेत’ या वाक्यावरून लिंग कळत नाही, ही आपल्या भाषेतील सोय आहे. परंतु ‘तू आलीस’, ‘त्या म्हणाल्या’ आणि मालवणीतले ‘गो’ व ‘रे’ लगेच सांगून टाकतात, म्हणून तेही झाकावे लागतात. एवढे करूनही काही प्रतिसाद ओळखू येतातच. वर्गवारी करणाऱ्याने आपला अंदाज प्रत्येक प्रतिसादापुढे लिहावा. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघाला, तर झाकणे पुरेसे झालेले नाही असे समजावे.

सर्वांत मोठी फसगत मात्र मूळ लेखनाच्या विषयामुळे होते. समजा, स्त्रियांच्या लेखनाला आलेल्या २०० प्रतिसादांपैकी ६० व्यक्तिगत निघाले आणि पुरुषांच्या २०० पैकी ४०, म्हणजे ३० टक्के आणि २० टक्के. फरक उघड दिसतो. आता मूळ पोस्ट दोन गटांत वाटावेत: ज्यांत लिहिणाऱ्याने स्वतःचे घर किंवा आयुष्य आणले आहे ते, आणि ज्यांत केवळ कामाची हकीकत आहे ते. स्त्रियांचे १२० प्रतिसाद पहिल्या गटातील असून त्यांपैकी ४८ व्यक्तिगत आहेत, उरलेल्या ८० पैकी १२. पुरुषांचे पहिल्या गटात फक्त ४० असून त्यांपैकी १६ व्यक्तिगत, उरलेल्या १६० पैकी २४. दोन्ही गटांत टक्केवारी तंतोतंत सारखी आहे: ४० आणि १५. म्हणजे इथे वाचकांनी स्त्रियांना वेगळी वागणूक दिलेली नाही, तर स्त्रियांनी अधिक वेळा घरासह लिहिले आणि तसेच उत्तर आले. याउलट केवळ कामाच्या पोस्टवरही स्त्रियांच्या बाजूचे प्रमाण जास्त राहिले, तरच मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. स्त्रिया घराविषयी अधिक का लिहितात, हा प्रश्नही मला तितकाच मोलाचा वाटतो, पण त्याला प्रतिसाद मोजून उत्तर मिळणार नाही.

इंग्रजीत २०१८ साली रॉब व्होइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना व पुरुषांना मिळालेल्या प्रतिसादांचा ‘आरटीजेंडर’ नावाचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे, पण त्यातील शब्दयाद्या जशाच्या तशा मराठीत आणू नयेत, कारण संबोधने आणि क्रियापदांची रूपे यांचा प्रश्न तिथे आपल्यासारखा नाही.

आकडे मांडताना प्रतिसादांऐवजी पोस्ट हे एकक धरावे. एखाद्या सत्काराच्या छायाचित्राखाली शंभरेक अभिनंदने येतात आणि तेवढ्यावर संपूर्ण गटाचे प्रमाण झुकते. म्हणून प्रत्येक पोस्टचे प्रमाण आधी काढून मग त्यांची तुलना करावी. अहवालात प्रतिसाद शब्दशः देऊ नयेत. छोट्या गावात वाडीचे नाव आणि एक ओळ एवढ्यावरून माणूस ओळखला जातो, म्हणून मी आशय कायम ठेवून वाक्य नव्याने लिहिते आणि गावाऐवजी फक्त तालुका नोंदवते.