परदेशी शिष्यवृत्तीचा बाँड सही करण्यापूर्वी कसा वाचावा

शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्रात मिळणारी रक्कम ठळकपणे दिलेली असते. शिक्षण संपल्यावर परत आले नाही तर काय होईल, हे मात्र बहुधा त्या पत्रात नसते. ते बंधपत्रात, म्हणजे बोलीभाषेतल्या बाँडमध्ये, आणि ज्या शासन निर्णयानुसार किंवा नियमावलीनुसार योजना चालते त्यात विखुरलेले असते. म्हणून पहिले काम वाचनाचे नसून कागद गोळा करण्याचे आहे. बाँडमध्ये ‘योजनेच्या वेळोवेळी लागू असलेल्या अटी मला मान्य आहेत’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर त्या अटींची सध्याची प्रत हाती आल्याशिवाय बाँड पूर्ण वाचला असे म्हणता येत नाही.

त्यानंतर आपली शिष्यवृत्ती नेमक्या कोणत्या प्रकारात मोडते ते ठरवावे. काही शिष्यवृत्त्या मुळात कर्जच असतात, उदाहरणार्थ, जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती परत आले तरी फेडावीच लागते. काहींमध्ये अडसर पैशांचा नसून व्हिसाचा असतो. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाणाऱ्यांना जे-१ व्हिसा मिळतो आणि त्याला जोडलेल्या नियमानुसार मायदेशी एकूण दोन वर्षे राहिल्याशिवाय किंवा सूट मिळाल्याशिवाय एच-१बी व्हिसा वा ग्रीन कार्ड मिळत नाही. तिसरा प्रकार म्हणजे परत न आल्यास खर्च वसूल करणारा बाँड. सर्वांत बारकाईने वाचावा लागतो तो हाच.

समजा, लातूरच्या एका विद्यार्थिनीला ब्रिटनमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी शुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानभाडे मिळून ३६ लाख रुपये मंजूर झाले आहेत. तिच्या बाँडमधील कलम, उदाहरणादाखल, असे आहे: ‘अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मी भारतात परत येईन व किमान दोन वर्षे भारतात सेवा करीन, तसे न केल्यास माझ्यावर झालेला संपूर्ण खर्च, रक्कम वितरित झाल्याच्या दिनांकापासून द.सा.द.शे. १२ टक्के व्याजासह परत करीन.’ वाक्य एकच आहे, पण ते आणि बाकीचा बाँड वाचताना निदान चार ठिकाणी पेन थांबवून प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न ‘अभ्यासक्रम पूर्ण’ कधी होतो हा. ब्रिटनमध्ये प्रबंध सप्टेंबरात सादर होतो, निकाल काही आठवड्यांनी लागतो आणि पदवीदान समारंभ आणखी काही महिन्यांनी होतो. यांपैकी कोणत्या दिवसापासून तीन महिने मोजायचे, हे लिहिलेले नसेल तर वाद झाल्यावर कार्यालय आपल्या सोयीची तारीख धरेल.

दुसरा प्रश्न ‘सेवा’ या शब्दाचा. पुण्यातील खासगी कंपनीतील नोकरी चालेल का, स्वतःचा व्यवसाय चालेल का, नोकरी शोधण्यात गेलेले सहा महिने दोन वर्षांत धरले जातील का? काही योजनांना फक्त मायदेशी राहणे अपेक्षित असते. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीची अट किमान दोन वर्षे स्वदेशी परतण्याची आहे. ‘राहणे’ आणि ‘सेवा करणे’ या दोन जबाबदाऱ्यांत मोठे अंतर आहे.

तिसरा प्रश्न रकमेचा, आणि येथे थोडा हिशेब करावाच. सोयीसाठी सर्व ३६ लाख पहिल्याच दिवशी दिले असे धरू आणि वसुलीची नोटीस तीन वर्षांनी आली असे समजू. सरळव्याजाने वर्षाला ४ लाख ३२ हजार, म्हणजे तीन वर्षांचे १२ लाख ९६ हजार होतात आणि देणे ४८ लाख ९६ हजारांवर जाते. व्याज वार्षिक चक्रवाढीने असेल तर ते सुमारे ५० लाख ५८ हजार होते. पण व्याजाची सुरुवात वितरणापासून न धरता अट मोडल्याच्या दिवसापासून धरली आणि नोटीस त्यानंतर सहा महिन्यांनी आली, तर देणे फक्त ३८ लाख १६ हजार राहते. विद्यार्थी व्याजदराबद्दल घासाघीस करतात, परंतु या उदाहरणात खरा फरक व्याज कोणत्या तारखेपासून सुरू होते यामुळे पडतो.

याच्याच जोडीला, अट अर्धवट पाळली तर काय, हे पाहावे. ती परत आली, अठरा महिने काम केले आणि मग कॅनडाला गेली, तर उरलेल्या सहा महिन्यांच्या प्रमाणात ९ लाखच मुद्दल परत करायचे की पूर्ण ३६ लाख? कलमात ‘प्रमाणशीर’ असा शब्द नसेल तर पूर्ण रक्कम मागितली जाईल असे गृहीत धरावे. पौंडात दिलेली रक्कम कोणत्या दिवसाच्या विनिमय दराने रुपयांत मोजायची, हेही याच वेळी विचारावे.

चौथा प्रश्न जामीनदारांचा, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. विद्यार्थिनी मँचेस्टरला आणि जामीन राहिलेले मामा लातूरला असतील, तर नोटीस प्रथम मामांच्या दारी येणे स्वाभाविक आहे. ‘थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्यात येईल’ असे वाक्य बाँडमध्ये असेल, तर सातबाऱ्यावरील जमिनीपर्यंत हे प्रकरण पोहोचू शकते. मामांकडून केवळ शेवटच्या पानावर सही घेणे हा, माझ्या मते, त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना वरचा हिशेब आकड्यांसह दाखवावा.

‘असले बाँड कोर्टात टिकत नाहीत’ असा सल्ला हमखास मिळतो. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ नुसार, करारभंगासाठी ठरवलेल्या रकमेच्या मर्यादेत न्यायालय वाजवी भरपाईच देते, हे खरे आहे. परंतु कायद्यानुसार किंवा शासनाच्या आदेशानुसार, सार्वजनिक कर्तव्यासाठी अथवा जनतेचे हित गुंतलेल्या कृतीसाठी दिलेल्या बंधपत्रांना त्याच कलमात अपवाद आहे आणि तेथे संपूर्ण रक्कम देय ठरू शकते. शासनाशी केलेला प्रत्येक करार या अपवादात बसतोच असे नाही, मात्र त्या आशेवर सही करणे धोक्याचे आहे. शिवाय, प्रत्यक्ष झालेला खर्च परत मागणे याला निव्वळ दंड म्हणणेही अवघड जाते.

परदेशी थोडा काळ राहण्याचा विचार असेल, तर परवानगीचे कलम शोधावे. शिक्षणानंतर तेथे राहून काम करू देणाऱ्या ब्रिटनच्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी, अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत शुल्क आणि निर्वाह असे दोन्ही खर्च सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने उचलले असतील, तर त्या सरकारची किंवा संस्थेची लेखी संमती जोडावी लागते. म्हणजे बाँड बाजूला ठेवून व्हिसा मिळवण्याचा मार्ग तेथेच बंद होतो. पीएच.डी.साठी मुदतवाढ मिळत असेल तर ती मुदत संपण्यापूर्वी मागायची की नंतरही चालते, आणि त्या काळात व्याज चालू राहते का, हे नोंदवून घ्यावे. मुदतवाढीने जबाबदारी फक्त पुढे ढकलली जाते, माफ होत नाही.

हे सर्व प्रश्न एका ईमेलमध्ये, कलमांच्या क्रमांकांसह, शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर पाठवावेत. फोनवर मिळालेले ‘एवढे कोणी बघत नाही’ हे उत्तर तो कर्मचारी बदलून गेल्यावर निरुपयोगी ठरते. लेखी उत्तर मूळ कलमाच्या विरुद्ध असेल तर बाँडमध्येच दुरुस्ती मागावी; कारण वाद झाला तर आधी वाचले जाते ते बाँडचे कलम. मुद्रांकावर सही व नोटरी झाल्यावर सर्व पानांची छायांकित प्रत, जोडपत्रांसह, स्वतःकडे आणि प्रत्येक जामीनदाराकडे ठेवावी.