माल कुठून कुठे पाठवायचा? व्होगेल पद्धतीने पहिला आराखडा

तीन गावांत कांदा पडून आहे आणि तीन बाजारांना तो हवा आहे. बहुतेक जण सगळ्यात स्वस्त वाट शोधून तिथून सुरुवात करतात. व्होगेल यांच्या पद्धतीत आधी वेगळा प्रश्न विचारायचा असतो: ही स्वस्त वाट हातची गेली, तर किती जास्त मोजावे लागतील? या जादा खर्चाला पेनल्टी म्हणतात.

खालचे भाडे क्विंटलमागे रुपयांत आहे. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.

| | वाशी | पुणे | कोल्हापूर | साठा (क्विंटल) |
|---|---|---|---|---|
| लासलगाव | 110 | 100 | 190 | 400 |
| मंचर | 90 | 40 | 150 | 400 |
| लोणंद | 120 | 50 | 90 | 400 |
| मागणी | 600 | 350 | 250 | 1200 |

आधी साठ्याची आणि मागणीची बेरीज जुळते का ते पाहा. इथे दोन्हीकडे 1200 आहे. साठा जास्त असेल तर शून्य भाड्याचा एक खोटा बाजार जोडावा लागतो. तसे केल्यावर प्रत्येक ओळीतला सर्वात लहान आकडा शून्य होतो आणि ओळीची पेनल्टी म्हणजे फक्त तिचे सर्वात कमी खरे भाडे उरते. म्हणून अशा तक्त्यात मिळालेला आराखडा जरा जास्त काळजीने तपासावा.

पहिली फेरी. प्रत्येक ओळीतले आणि प्रत्येक स्तंभातले सर्वात लहान दोन आकडे घ्या आणि त्यांची वजाबाकी करा. लासलगाव 10, मंचर 50, लोणंद 40. स्तंभांत वाशी 20, पुणे 10, कोल्हापूर 60. सर्वात मोठी पेनल्टी कोल्हापूरची. म्हणजे कोल्हापूरला लोणंदचा कांदा मिळाला नाही, तर क्विंटलमागे किमान 60 रुपये जास्त जातील. म्हणून त्या स्तंभातल्या सर्वात स्वस्त घरात, लोणंद–कोल्हापूरमध्ये, जास्तीत जास्त माल भरा: 250. कोल्हापूरची मागणी भागली, तो स्तंभ खोडा. लोणंदकडे 150 उरले.

दुसरी फेरी. इथेच विद्यार्थी सर्वाधिक चुकतात, कारण ते जुन्याच पेनल्ट्या वापरतात. स्तंभ खोडला की ओळींतले सर्वात लहान दोन आकडे बदलू शकतात, म्हणून पेनल्ट्या पुन्हा काढायलाच हव्यात. लोणंदच्या ओळीत आता 120 आणि 50 एवढेच उरले, म्हणून तिची पेनल्टी 40 वरून 70 झाली. तीच आता सर्वात मोठी. लोणंद–पुणे घरात 150 भरा आणि लोणंदची ओळ खोडा. पुण्याला अजून 200 हवेत.

तिसरी फेरी. लोणंद गेल्यामुळे पुण्यापुढे 100 आणि 40 उरले, पेनल्टी 60. मंचरची 50, वाशीची 20, लासलगावची 10. मंचर–पुणे 200. आता फक्त वाशी उरली. मंचरचे 200 आणि लासलगावचे 400 तिकडे जातील.

एकूण भाडे: 22,500 + 7,500 + 8,000 + 18,000 + 44,000 = 1,00,000 रुपये.

आता सर्वात स्वस्त घरापासून सुरुवात करून पाहा. 40 रुपयांची मंचर–पुणे वाट पहिल्यांदा 350 क्विंटलने भरते आणि पुण्याची मागणी संपते. मग लोणंदच्या उरलेल्या 150 क्विंटलांना 120 रुपये भाड्याने वाशीला जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एकूण 1,03,000 रुपये होतात. व्होगेल पद्धतीने वाचलेले हे 3,000 लोणंदच्या त्या 70 च्या पेनल्टीने आधीच दाखवून दिले होते.

दोन अडचणी हमखास येतात. पेनल्ट्या सारख्या आल्या, तर ज्या ओळीत किंवा स्तंभात सर्वात स्वस्त घर आहे तिथे आधी भरण्याचा रिवाज आहे. दुसरी अडचण म्हणजे एकाच वेळी ओळीचा साठा आणि स्तंभाची मागणी, दोन्ही संपणे. तेव्हा दोन्ही खोडू नका. एकच खोडा आणि दुसऱ्यात शून्य उरल्याचे धरून पुढे चला. तसे न केल्यास भरलेली घरे ओळी अधिक स्तंभ वजा एक यापेक्षा कमी पडतात आणि पुढची तपासणी अडते. आपल्या तक्त्यात ती 3 + 3 − 1 = 5 आहेत, बरोबर.

ही पद्धत सुरुवातीचा आराखडा देते, तो सर्वात स्वस्त असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक रिकामे घर तपासा. लोणंद–वाशीला एक क्विंटल पाठवला, तर लोणंद–पुणे एकने कमी, मंचर–पुणे एकने जास्त आणि मंचर–वाशी एकने कमी करावे लागेल: 120 − 50 + 40 − 90 = +20. खर्च वाढतो, म्हणून ते घर रिकामेच बरे. लासलगाव–पुणे +40, लासलगाव–कोल्हापूर +90 आणि मंचर–कोल्हापूर +70 येते. एकही उत्तर ऋण नाही, तेव्हा इथे 1,00,000 पेक्षा कमी भाडे शक्य नाही. एखाद्या घरात ऋण उत्तर आले असते, तर त्याच फेऱ्याने, माल कमी करायच्या घरांतला सर्वात लहान आकडा जितका असेल तितका माल हलवून पुन्हा तपासावे लागले असते.