मोटरीचं अर्थिंग मृगाआधीच तपासा, आणि फ्यूजच्या भरवशावर राहू नका

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या काळ्या वावरात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमीन आकसते आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची मातीही त्याला सोडून देते. पावसाळ्यात ज्या खड्ड्याचा रोध १०-१२ ओहम येतो, तोच आता ४० ओहम दाखवू शकतो. म्हणून मोजायचं असेल तर आत्ताच, वर्षातल्या सर्वात वाईट दिवसांत मोजावं.

मोजण्यासाठी वायरमनकडचा अर्थ टेस्टर लागतो. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहू नका. १०० वॉटच्या बल्बचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो. त्यात अर्थिंगचे ४० ओहम मिसळले तरी बल्ब लख्खच पेटतो आणि आपण निश्चिंत होतो. शिवाय त्या वेळी अर्थिंगची तार कुठे तुटलेली असली, तर तिला जोडलेल्या पेटीत करंट उतरतो.

आता मुख्य गोष्ट. समजा स्टार्टरच्या पेटीत केबल घासली आणि एक फेज पत्र्याला टेकला. डीपीजवळच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आणि आपल्या खड्ड्याचा ४० धरू. २३० व्होल्टला ४५ ने भागलं की करंट जेमतेम ५ अँपिअर येतो. पाच एचपीची मोटर चालताना याहून जास्त घेते, त्यामुळे २० अँपिअरच्या फ्यूजला काही बिघडलंय हे कळतच नाही. पेटी मात्र सुमारे २०४ व्होल्टवर उभी राहते. ओल्या पायाने कोणी हँडल धरलं की संपलं. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून, पाणी सोडून रोध १२ वर आणला तरी करंट साडेतेरा अँपिअरच होतो, फ्यूज तसाच राहतो आणि पेटीवर १६० व्होल्ट उरतात.

डीपीचं न्यूट्रल तिकडे जमिनीत आणि आपली पेटी इकडे आपल्या खड्ड्यात, या रचनेला टीटी म्हणतात. शेतातली बहुतेक जोडणी अशीच असते. दोन्हींच्या मध्ये परतीची वाट मातीतून जाते, आणि माती फ्यूज उडवण्याइतका करंट जाऊ देत नाही.

नागपुरात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या मोठ्या इमारतीत गोष्ट वेगळी असू शकते. तिथे अर्थची वेगळी तार थेट ट्रान्सफॉर्मरपर्यंत नेलेली असते. ही टीएन-एस रचना. परतीची सगळी वाट धातूची असल्यामुळे रोध १ ओहमच्याही खाली राहू शकतो. ०.८ ओहम धरला तर करंट २८७ अँपिअर येतो, आणि १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडतो. तिथे एमसीबीच माणसाला वाचवतो. शेतात तो हे काम करू शकत नाही.

मग काही जण सुचवतात, "न्यूट्रलच पेटीला जोडून टाकू, दोन्ही एकच." हे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेतून आणणारी टीएन-सी-एस रचना असते, पण तिथे ती तार तुटू नये आणि जागोजागी जमिनीला जोडलेली असावी याची जबाबदारी वीज पुरवणाऱ्याने घेतलेली असते. आपल्याकडे रोहिणीच्या वादळात फांदी पडून न्यूट्रल तुटतं. एक बल्ब जरी चालू असला तरी त्याच्यातून फेज त्या तुटलेल्या न्यूट्रलवर येतो आणि तिथून पेटीवर. मोटरीत काहीही बिघाड नसताना पेटी झटका देते.

चौथी रचना आयटी. तिथे न्यूट्रल जमिनीला जोडतच नाहीत, म्हणून पहिल्या बिघाडात करंट नगण्य राहतो. इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहात ती वापरतात. पहिला बिघाड सतत शोधत राहावा लागतो, त्यामुळे शेतात तिचा विचार नको.

टीटीत माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजून ईएलसीबी म्हणतात. जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की तो पडतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर ४० ओहमच्या खड्ड्यावरही पेटीवर सुमारे सव्वा व्होल्ट चढवण्याइतकी गळती झाली तरी तो पडतो. बोअरची लांब, जुनी केबल थोडी गळत असेल आणि ३० चा वारंवार पडत असेल, तर मोटरीला १०० किंवा ३०० चा लावा. कडबा कटर, सॉकेट आणि दिव्यांना मात्र ३० चाच हवा. ३०० चा लावलात तर ओल्या जागेसाठी मी २५ व्होल्टची मर्यादा धरतो, म्हणजे खड्डा कडक उन्हाळ्यातही ८३ ओहमच्या खाली हवा. खड्डा विहिरीच्या पाटाजवळ किंवा संत्र्याला पाणी जातं त्या धुऱ्यावर घ्या, तिथली माती भेगाळत नाही.

एक फेज आणि अर्थवर दिवा लावायची सवय असेल तर आरसीसीबी लगेच पडेल. दोष आरसीसीबीचा नाही. त्याला बायपास करू नका, दिव्याला न्यूट्रल आणा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर मात्र आरसीसीबीला फरक कळत नाही, तेव्हा मेन स्विच बंद केल्याशिवाय पेटी उघडू नका.

तीन फेजच्या मोटरीला चार पोलचा आरसीसीबी बसवताना न्यूट्रल मोकळं सोडलं, तर बऱ्याच बनावटींत टेस्ट बटण चालतच नाही. कंपनीच्या आकृतीप्रमाणे जोडायला लावा आणि वायरमन जाण्याआधी त्याच्यासमोर बटण दाबा. पडला नाही तर त्याला तिथेच थांबवा.