आईबाबांना स्ट्रोक आला, घरी केअरटेकर ठेवताय? पैशाच्या वाटणीत या चुका टाळा

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळतो त्या दिवशी सगळी घाई असते, कोणीतरी ब्युरोचा नंबर देतं, फोन लागतो आणि दुसऱ्या दिवशी मावशी दारात. काम काय, रात्री कोण उठणार, हे काहीच ठरलेलं नसतं. आणि नंतर भावाबहिणीत जी कटकट होते ती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

पहिली चूक म्हणजे काम न ठरवता माणूस ठेवणं. नाकात नळी असेल, लघवीची पिशवी असेल, इन्सुलिन असेल तर ट्रेनिंग झालेली नर्स लागते. पण अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं एवढंच असेल तर अटेंडंट पुरते, आणि दोघींच्या रेटमध्ये खूप फरक असतो. डिस्चार्जच्या आधी वॉर्डमधल्या सिस्टरना विचारा की घरी नक्की काय काय करावं लागेल, आणि ते कागदावर लिहून घ्या.

मग येतो 24 तासांचा घोळ. 24 तासवाली मावशी म्हणजे 24 तास जागी मावशी नव्हे, तिला झोप लागतेच. पेशंट स्वतः कूस बदलू शकत नसेल तर साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचेवर आधी लाल डाग दिसतो आणि मग जखम होते. एअर बेड घेतला म्हणून हे सुटत नाही. म्हणजे रात्रीचे दोन-तीन वेळा घरातलं कोणीतरी उठणार, नाहीतर 12-12 तासांच्या दोघी ठेवायच्या. हे आधी बोला, कारण उठणारा माणूस म्हणजे नेहमी सोबत राहणारा भाऊ नाहीतर वहिनी.

नवीन मावशी आली की पहिले दोन दिवस फिजिओथेरपिस्टच्या वेळेला तिला समोर उभं करा. लकवा मारलेल्या बाजूचा हात धरून ओढत उठवलं तर खांदा निखळू शकतो, हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नसतं. भरवताना पेशंट पूर्ण बसलेला हवा आणि नंतर अर्धा तास तसाच. पाणी पिताना ठसका लागतोय किंवा जेवल्यावर आवाज घोगरा येतोय तर भरवणं थांबवून डॉक्टरांना फोन करा, अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं.

आता पैसे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त पगार वाटून घेणं. समजा तीन भावंडं आहेत, आई ठाण्यात मोठ्या दादाकडे, ताई पुण्यात, धाकटा बंगलोरला. मावशीचे रोजचे 900 म्हणजे महिन्याला 27,000, आणि तिघांनी नऊ-नऊ हजार काढले की सगळ्यांना वाटतं झालं. पण डायपर रोज चार, 35 ला एक, म्हणजे 4,200, फिजिओ महिन्यात 12 वेळा 600 ने 7,200, औषधं 3,500, मावशीचं जेवण-चहा 3,000. एकूण 44,900, म्हणजे पगाराच्या वरचे जवळजवळ 18,000 दादाच्या खिशातून गुपचूप जातात, आणि सहा महिन्यांनी तो एखाद्या सणाला ते बोलून दाखवतो. मेडिक्लेममधून घरच्या अटेंडंटचा पगार सहसा मिळत नाही, त्यावर विसंबू नका.

माझ्या मते आधी आईचं स्वतःचं पेन्शन किंवा एफडीचं व्याज वापरावं. तिचेच पैसे आहेत, तिच्यासाठीच आहेत. समजा पेन्शन 15,000, तर उरले 29,900. हे समान वाटायला पाहिजेत असं नाही. दादाकडे आई राहते, रात्री तोच उठतो, म्हणून त्याचा 20 टक्के आणि बाकी दोघांचे 40-40 टक्के धरले तर दादा 5,980 आणि ते दोघं 11,960 प्रत्येकी. कोणाची नोकरी गेली किंवा कमाई कमी असेल तर टक्के बदलतील, पण आकडा तोंडी ठेवू नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहा.

पैसे पाच तारखेच्या आत एकाच खात्यात जाऊ देत आणि खर्च एका शीटवर, बिलाच्या फोटोसकट. दादाला हिशोब मागितला असं वाटू नये म्हणून शीट ताईने किंवा धाकट्याने सांभाळली तर बरं.

आणि सुट्ट्यांचं विसरू नका. मावशी गावी गेली की त्या दिवसाचा पगार वाचतो खरा, पण कोणाला तरी रजा टाकावी लागते, आणि ब्युरोची बदली बाई आईला ओळखत नाही, तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून ब्युरोशी बोलतानाच बदली किती तासांत मिळेल ते लिहून घ्या आणि महिन्यातला एक वीकेंड ताई, एक धाकटा असं प्रत्यक्ष येऊन सांभाळायचं ठरवा.

स्ट्रोकनंतर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त दिसते, त्यामुळे तीन महिन्यांनी फिजिओला विचारून पुन्हा बसा. आई आधाराने टॉयलेटपर्यंत जायला लागली असेल तर डायपर कमी होतील, 24 चे 12 तास चालतील का ते बघा, आणि टक्केही त्याच दिवशी परत ठरवा.